नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी स्वतःलाच येणारा मेल: कधी लिहायचा, काय लिहायचं आणि कसा वाचायचा

आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपून चारच दिवस झाले होते, होम मैदानावरचे पाळणे अजून उतरवत होते, तेव्हा मला ऑफर लेटर आलं. पुण्यात चार वर्षं एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन केलं आणि आता घरी परत, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मर्चंडायझर म्हणून, म्हणजे बायर आणि कारखाना यांच्यामधलं काम. जुन्या ठिकाणचा नोटिस पिरियड दोन महिन्यांचा, म्हणजे जॉइनिंग थेट मार्चच्या शेवटी. त्याच आठवड्यात एका रात्री बसून मी स्वतःला दोन मेल लिहिले आणि जॉइनिंगच्या तारखेला शेड्यूल करून ठेवले. भाऊ मागून डोकावून म्हणाला, "काय गं, स्वतःलाच मेल लिहूलालीस?" म्हटलं होय, आणि तुला नोकरी लागली की तुलाही लिहायला लावणार.

हे मी आधी एकदा केलं होतं आणि ते पार वाया गेलं होतं, म्हणून यावेळी नीट विचार करून केलं. पुण्यातल्या नोकरीच्या आधी डायरीत पानभर लिहिलं होतं, खूप शिकायचंय, स्वतःला सिद्ध करायचंय, लोकांशी छान राहायचं वगैरे. पहिल्या दिवशी वाचलं तर त्यातलं एकही वाक्य खरं झालं की खोटं ते ठरवताच येईना. आणि जे खरंच लिहून ठेवायला हवं होतं ते लिहिलंच नव्हतं. तिथे शनिवार हाफ डे असतो असं मी धरून गेले होते, प्रत्यक्षात फुल डे निघाला, आणि सहा महिन्यांनी माझं मलाच आठवेना की हाफ डे म्हणून मला कुणी सांगितलं होतं की मीच समजून घेतलं होतं. भांडायचं कशाच्या जोरावर? गप्प बसले. तर यावेळच्या सगळ्या पद्धतीचं मूळ हेच आहे की प्रत्येक अपेक्षेसमोर ती कुठून आली ते लिहायचं.

लिहायचं कधी

ऑफर स्वीकारल्यापासून दोन-तीन दिवसांत. जॉइनिंगच्या आदल्या रात्री नाही, कारण तोवर दोन महिने गेलेले असतात, कुणाकुणाशी बोलणं झालेलं असतं, कारखान्यातल्या एखाद्या ओळखीच्याने काहीबाही सांगितलेलं असतं आणि मूळची अपेक्षा काय होती ते त्यात मिसळून जातं. आपली आठवण आपल्याला नकळत बदलते, हे लोकांनी तपासून बघितलेलं आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला गेले, त्याच्या आधी फिशहॉफ आणि बेथ या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं की दौऱ्यात अमुक घडण्याची शक्यता किती टक्के वाटते. दौरा झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना तेव्हा तुम्ही किती टक्के दिले होते ते आठवून सांगायला लावलं, तर जे घडलं होतं त्याला आपण जास्त टक्के दिले होते असं लोकांना प्रामाणिकपणे वाटत होतं. नोकरीतही तेच होतं, वाईट निघाली की "मला आधीच वाटलं होतं" आणि चांगली निघाली तरी "मला आधीच वाटलं होतं". म्हणून आधीच तारीख टाकून लिहायचं आणि जिथे आपला अंदाज आहे तिथे टक्केसुद्धा टाकायचे. ढोबळ चालतात, साठ-सत्तर असे, पण आकडा हवा.

दोन मेल का, एक का नाही

सकाळी लागणारी माहिती वेगळी आणि रात्री लागणारी वेगळी, म्हणून. पहिल्या दिवशी सकाळी एचआरवाले समोर कागदांचा गठ्ठा ठेवतात, पीएफचा फॉर्म ११, बँकेचे डिटेल्स, नॉमिनेशन, आणि त्यातच अपॉइंटमेंट लेटर. ऑफर लेटर एक-दोन पानांचं असतं, अपॉइंटमेंट लेटर बऱ्याचदा आठ-दहा पानांचं निघतं आणि नोटिस पिरियड, प्रोबेशन, बदली, बाँड असल्या गोष्टी त्यात सविस्तर येतात. सही करताना घाई असते, शेजारी दुसरा माणूस थांबलेला असतो, आणि आपल्याशी काय ठरलं होतं ते त्या क्षणी डोक्यात नसतं.

म्हणून सकाळच्या मेलात मनातलं काहीच लिहायचं नाही. फक्त जे लेखी किंवा तोंडी ठरलंय ते, सहा-सात ओळींत, मोबाइलवर एका नजरेत दिसेल एवढं. माझा असा होता:

"पद मर्चंडायझर. सीटीसी ६ लाख, लेटरमध्ये आहे. प्रोबेशन ६ महिने, लेटरमध्ये आहे. नोटिस प्रोबेशनमध्ये १ महिना, नंतर २, एचआरच्या मेलमध्ये आहे. दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, इंटरव्ह्यूत मॅनेजर तोंडी बोलले. कामाची जागा अक्कलकोट रोड युनिट, लेटरमध्ये आहे. बाँड नाही, मी विचारलं होतं, एचआर फोनवर नाही म्हणाल्या. सही करायच्या आधी शनिवार आणि बाँड बघ."

सोबत ऑफर लेटरची पीडीएफ आणि एचआरच्या मेलचा स्क्रीनशॉट जोडला. हे लिहिताना लगेच लक्षात येतं की कुठल्या गोष्टी नुसत्या तोंडी आहेत. तिथे थांबायचं, आणि शक्य असेल तर राजीनामा देण्याच्या आधी एचआरला एका ओळीचा मेल टाकून विचारून घ्यायचं, कारण राजीनामा दिल्यावर आपलं बोलणं तेवढं वजनदार राहत नाही. मी बाँडचं विचारलं, शनिवारचं विचारायचं राहिलं. त्याचं पुढे सांगते.

रात्रीचा मेल: अपेक्षा कशी लिहायची

आधी मनात येईल ते सगळं कागदावर ओतायचं, दहा-पंधरा मिनिटं, कसंही. मग त्यातल्या पाच-सहाच गोष्टी घ्यायच्या, ज्या झाल्या नाहीत तर मला खरंच वाईट वाटेल अशा. प्रत्येकीला चार गोष्टी जोडायच्या. अपेक्षा काय, ती आली कुठून, होण्याची शक्यता किती टक्के, आणि झाली की नाही हे मला कधी आणि कशावरून कळेल. चौथी गोष्ट सगळ्यात अवघड जाते पण तिच्याशिवाय बाकीचं सगळं त्या डायरीच्या पानासारखं होतं. "चांगलं काम मिळावं" असं लिहिलं तर ते कधीच तपासता येत नाही. मी ते असं लिहिलं: "बायरशी मी स्वतः बोलणार, मेल माझ्या नावाने जाणार. इंटरव्ह्यूत मॅनेजर म्हणाले की सॅम्पल अप्रूव्हलचं बायरशी तुम्हालाच बोलायचंय. ७० टक्के. ६० दिवसांत निदान एका बायरचा सॅम्पल ते शिपमेंट फॉलोअप माझ्याकडे असेल तर झालं."

कुठून आली यासाठी मी तीनच शब्द वापरते. लेखी, तोंडी आणि माझं मीच. तोंडी असेल तर कोण बोललं आणि शक्य तितके त्यांचेच शब्द. "माझं मीच" लिहिताना लाजायचं नाही, माझ्या सहापैकी तीन तशाच निघाल्या, आणि सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या तिघींनी.

पगाराचं त्यातलंच एक. सहा लाख भागिले बारा म्हणजे महिन्याला पन्नास हजार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की अण्णांनाही तसंच सांगून मोकळी झाले होते. मग मेलात "कुठून आली" समोर लिहायची वेळ आली तेव्हा लेटरच्या शेवटच्या पानावरचा ब्रेकअप पहिल्यांदा नीट बघितला. बेसिक २५,०००. कंपनीचा पीएफचा हिस्सा बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ३,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे साधारण १,२०० हे दोन्ही सीटीसीतच धरलेले. ते वजा केले की राहतात साधारण ४५,८००, त्यातून माझा पीएफ ३,००० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ४२,६००. म्हणजे मनातल्या आकड्यापेक्षा सात हजार कमी, आणि यात कुणी फसवलेलं नाही, सगळं छापलेलं होतं. हे मला जानेवारीतच कळलं म्हणून बरं, नाहीतर पहिला पगार आला त्या दिवशी कळलं असतं. (काही ठिकाणी पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर कापतात, मग तो १,८०० येतो, त्यामुळे आपला ब्रेकअप आपणच बघायचा, मित्राचा हिशोब आपल्याला लावायचा नाही.)

शेड्यूल करताना

मेल आपल्या खासगी जीमेलवरून खासगी जीमेललाच पाठवायचा. जुन्या ऑफिसचा आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो, आणि नव्या ऑफिसच्या आयडीवर असलं काही कधीच ठेवायचं नाही, तो मेलबॉक्स कंपनीचा असतो. घरात एकच आयडी सगळे वापरत असतील तर पगाराचे आकडे त्यात टाकायचे का हेही बघा.

कॉम्प्युटरवर मेल लिहून झाला की Send च्या शेजारच्या बाणावर क्लिक करून Schedule send, मग Pick date & time. मोबाइलवर वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांत Schedule send सापडतं. सकाळचा मेल मी ८ वाजताचा ठेवला कारण रिपोर्टिंग साडेनऊचं होतं, निघायच्या आधी चहाबरोबर वाचून होतो. रात्रीचा साडेनऊचा, जेवण झाल्यावर. ठरल्या वेळेला मेल आपोआप जातो, मोबाइल बंद असला तरी. झाल्यावर डावीकडच्या मेन्यूत Scheduled उघडून दोन्ही दिसतात का ते बघायचं.

यात बिघडतं ते एकाच ठिकाणी, जॉइनिंगची तारीख हलते तेव्हा. आणि ती हलतेच बऱ्याचदा, माझी एक आठवडा हलली कारण जुन्या ठिकाणी हँडओव्हर लांबला. तारीख बदलायला Scheduled मधला मेल उघडून Cancel send करावं लागतं, तसं केलं की तो ड्राफ्टमध्ये जाऊन बसतो आणि परत शेड्यूल करावा लागतो. मी सकाळचा केला आणि रात्रीचा ड्राफ्टमध्येच विसरले. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी, रविवारी, नशिबाने बघितलं. म्हणून कॅलेंडरमध्ये आदल्या संध्याकाळचा रिमाइंडर टाकून ठेवा, फक्त "Scheduled बघ" एवढाच.

दुसरा मोह असा की मेल परत उघडला की हात शिवशिवतात. दोन महिन्यांत बरंच काही कळलेलं असतं आणि वाटतं ही ओळ जरा सुधारू, हे सत्तरचं पन्नास करू. तसं करायचं नाही, तसं केलं तर मेल लिहिण्यात काही अर्थच उरत नाही. नवीन काही कळलं असेल तर सगळ्यात खाली तारीख टाकून वेगळं लिहायचं, वरचं जसंच्या तसं. मी खाली एकच ओळ घातली होती: "मार्च. ओळखीतून कळलं की या युनिटचे मोठे बायर मॅनेजर स्वतः बघतात. आता ५० टक्के वाटतंय."

पहिला दिवस, सकाळ

आठला मेल आला, वाचला, पीडीएफ मोबाइलमध्ये डाउनलोड करून ठेवली. साडेदहाला अपॉइंटमेंट लेटर समोर आलं, नऊ पानं. सरळ त्या दोन गोष्टी शोधल्या. बाँड नव्हता. आठवड्याची सुट्टी मात्र फक्त रविवार लिहिली होती. मेल नसता तर माझं लक्षच गेलं नसतं, खरंच सांगते, कारण ती ओळ पाचव्या पानावर कामाच्या वेळेच्या परिच्छेदात होती.

असं दिसलं तर काय बोलायचं हेही आधी ठरवून ठेवलेलं बरं, कारण पहिल्याच दिवशी तक्रार केल्यासारखं वाटतं म्हणून माणूस गप्प बसतो. मी एवढंच म्हटलं, "मॅडम, इंटरव्ह्यूत सर दुसरा-चौथा शनिवार सुट्टी म्हणाले होते, इथे फक्त रविवार दिसतोय, कुठलं धरू?" आवाज चढवायचा नाही, "तुम्ही बोलला होतात" असं त्यांच्यावर टाकायचं नाही, दोन गोष्टींत फरक दिसतोय आणि मला एक सांगा, बस. त्यांनी मॅनेजरना फोन लावला, मग सांगितलं की लेटरचा नमुना कारखान्याच्या कामगारांसाठीचाच आहे, ऑफिस स्टाफला ते दोन शनिवार असतात. मी म्हटलं तेवढं मेलवर द्याल का. दुपारी मेल आला, मग सही केली. तुमच्याकडे लगेच नाही जमलं तर वाचायला एक दिवस मागून घ्या, प्रत घरी न्या. आणि उत्तर "नाही, फक्त रविवारच" असं आलं तरी निदान पहिल्याच दिवशी कळतं, सहा महिन्यांनी नाही.

हा प्रश्न विचारायला पहिला आठवडाच बरा. तेव्हा सगळं नवीन असतं, विचारणं साहजिक वाटतं. दोन महिन्यांनी तेच विचारलं की मनात साठवून ठेवल्यासारखं ऐकू येतं.

पहिला दिवस, रात्र

रात्रीचा मेल वाचताना प्रत्येक अपेक्षेसमोर तीनपैकी एक लिहायचं. झालं, नाही, किंवा अजून कळायचंय. पहिल्या दिवशी बहुतेक ठिकाणी तिसरंच यायला हवं, आणि सहापैकी चार-पाच ठिकाणी झालं-नाही लिहिलं गेलं तर आपण दिवसाच्या मूडवर निकाल देतोय असं समजायचं आणि मेल बंद करून उद्या बघायचं. मला दिवसभर डिस्पॅचच्या टेबलाशेजारी बसवलं आणि जुन्या पॅकिंग लिस्ट वाचायला दिल्या. पॅकिंग लिस्ट! चार वर्षं तेच केलं होतं आणि त्यातून सुटायलाच तर ही नोकरी घेतली. रिक्षात मनात आलं की झालं, फसलो. पण मेलात माझ्याच शब्दांत लिहिलेलं होतं, ६० दिवस, एक बायर. पहिल्या दिवशी पॅकिंग लिस्ट वाचायला देण्यावरून त्यातलं काहीच ठरत नाही, उलट कुठल्या बायरला कुठले साइज आणि किती जीएसएमचं, म्हणजे किती वजनाचं, कापड जातं ते त्यातूनच कळतं. समोर लिहिलं, अजून कळायचंय.

एका ठिकाणी मात्र स्पष्ट "नाही" आलं आणि ते मला फार लागलं. अपेक्षा होती, दुपारचं जेवण घरी, अण्णांबरोबर. कुठून आली, माझं मीच. टक्के मी चक्क ९० लिहिले होते. पुण्यात चार वर्षं डब्यातलं गार खाल्लं, सोलापुरात जायचं म्हटल्यावर डोळ्यांसमोर तेच चित्र होतं, गरम कडक भाकरी नाही तर नाही पण शेंगाची चटणी, दही आणि समोर अण्णा. घर जुळे सोलापुरात, कारखाना अक्कलकोट रोडला, मध्ये सगळं गाव. एका बाजूचा अर्धा तास आणि जेवणाची सुट्टीच अर्ध्या तासाची. हा हिशोब जानेवारीत कागदावर दोन मिनिटांत झाला असता, मी केलाच नाही कारण ते चित्र मला हवं होतं.

अशा "माझं मीच"वाल्या अपेक्षेसमोर "नाही" आलं तर कंपनीकडे मागण्यासारखं काही नसतं, तिथे वेगळाच प्रश्न विचारायचा. मला त्यातून खरं काय हवं होतं? मला जेवण गरम हवं होतं की अण्णांबरोबर हवं होतं? लिहिता लिहिताच कळलं की दुसरं. अण्णा एकटेच जेवतात दुपारी, आई गेल्यापासून, आणि ताटात अर्धं ठेवून उठतात हे मला माहीत होतं. मग उत्तरात लिहिलं, रात्रीचं जेवण साडेआठला, काहीही झालं तरी ऑफिसचा फोन तेव्हा घ्यायचा नाही, आणि दुसरा-चौथा शनिवार दुपार त्यांच्याबरोबर. ते शनिवार सकाळी मेलवर मिळाले होते म्हणून हे लिहिता आलं.

हे सगळं त्याच मेलला रिप्लाय करून लिहायचं, नवीन मेल नाही, म्हणजे जानेवारीचं आणि आजचं एकाखाली एक राहतं. रिप्लाय दहा ओळींच्या वर नको, थकलेलो असतो आणि थकल्यावर माणूस वाईटच जास्त लिहितो.

त्यानंतर

"अजून कळायचंय" जिथे आलं त्यांच्यासाठी पुढची तारीख लगेच, त्याच रात्री शेड्यूल करायची. मी एक ६० व्या दिवसाची घेतली बायरसाठी, आणि एक पाचव्या महिन्याची, प्रोबेशन संपायच्या एक महिना आधी, कारण माझ्या लेटरप्रमाणे कन्फर्म झाल्यावर नोटिस एकाची दोन महिन्यांची होते आणि निघायचं असेल तर ते त्याआधी ठरवलेलं सोपं पडतं. पहिल्या पगाराच्या दिवसासाठी वेगळा मेल लागत नाही, पगाराची स्लिप आली की ४२,६०० शी ताडून बघायची. माझ्या हातात ४२,५९८ आले.

साठाव्या दिवसाचा मेल अजून यायचाय. गेल्या मंगळवारी मॅनेजरनी एका छोट्या बायरच्या सॅम्पलचा मेल मला ड्राफ्ट करायला दिला, गेला तो त्यांच्याच नावाने, मला सीसीत ठेवून. खाली तारीख टाकून तेवढं लिहून ठेवलंय, टक्के बदलले नाहीत.